माइनक्राफ्टमधल्या गुहा कशा तयार होतात?

माइनक्राफ्टमधली गुहा कुणी आखलेली नसते, ती गणितातून निघते. केन पर्लिन यांनी 1980च्या दशकात रचलेल्या ‘नॉइज’सारखं फंक्शन प्रत्येक बिंदूला साधारण उणे एक ते एक यांमधला आकडा देतं. शेजारच्या बिंदूंचे आकडे जवळपास सारखेच येतात, म्हणून बदल सलग होत जातो.

2021च्या 1.18 आवृत्तीत यावरून नव्या गुहा आल्या. आकडा ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की दगड नाहीसा होतो आणि प्रचंड दालनं उघडतात. लांब बोगद्यांची युक्ती मला याहून सुंदर वाटते. आकडा शून्याजवळ असलेले बिंदू मिळून एक पातळ, वळणदार पडदा होतो. दुसऱ्या नॉइजचा दुसरा पडदा त्याला छेदतो, आणि त्या छेदरेषेवर बोगदा पडतो. समजा, मर्यादा 0.05 आहे. आकडे 0.03 आणि उणे 0.02 असतील तर पोकळी, दुसरा 0.4 झाला की पुन्हा दगड.

वाळवंट की जंगल, हेही तापमान, आर्द्रता अशा नॉइजवरूनच ठरतं. हिऱ्यांच्या जागा मात्र सोडतीसारख्या निघतात, आणि खोलीबरोबर त्यांची शक्यता वाढते. तळाच्या पाच थरांत न फुटणारा बेडरॉक असतो, म्हणून हिरे हवे असतील तर उणे 59च्या आसपास खणा.