झाकण उघडलं त्या दिवसापासून

तुळशीचं लग्न लागलं की घरोघरी मेकअपच्या पेट्या कपाटातून बाहेर निघतात. गेल्या वर्षी स्वतःच्या लग्नासाठी किंवा भावाच्या साखरपुड्यासाठी हौसेनं घेतलेलं सामान त्यात असतं. जेमतेम चार-पाच वेळा वापरलेलं, चांगलं महागाचं. पाठीमागची तारीख पाहावी तर तीही पुढच्या वर्षाची. मग टाकायचं कशाला? पण ती तारीख न उघडलेल्या बाटलीची असते. झाकण उघडलं की दुसरा हिशेब सुरू होतो, आणि तो किती वेळा वापरलं यावर नाही, तर किती महिने झाले यावर चालतो.

भारतात सौंदर्यप्रसाधन नियमावली, २०२० प्रमाणे वेष्टनावर कोणत्या महिन्यापर्यंत वापरायचं ते छापावं लागतं. ही झाली पहिली तारीख. दुसरी खूण बऱ्याच डब्यांवर असते, पण तिच्याकडे लक्ष जात नाही. झाकण उघड्या बरणीचं एक इवलंसं चित्र आणि त्यात ६, १२ किंवा २४ असा आकडा, पुढे इंग्रजी एम. उघडल्यापासून इतके महिने, असा त्याचा अर्थ. युरोपमध्ये न उघडता ३० महिन्यांपेक्षा जास्त टिकणाऱ्या प्रसाधनांवर ही खूण साधारणपणे सक्तीची आहे. आपल्याकडेही अनेक कंपन्या ती छापतात. दोन्ही मुदतींपैकी जी आधी संपेल ती खरी.

उघडल्यावर नेमकं बिघडतं काय, हे समजून घेतलं की पेटीतली प्रत्येक वस्तू आपली आपण तपासता येते. जिवाणू आणि बुरशी यांना वाढायला पाणी लागतं. फाउंडेशन, मस्कारा, लिक्विड आयलायनर यांत पाणी असतं, म्हणून त्यांत परिरक्षक घालतात. फिनॉक्सिइथेनॉल हे त्यातलं नेहमीचं नाव, जास्तीत जास्त एक टक्का. हे परिरक्षक पुरेसं आहे का, याची परीक्षा कारखान्यात होते. मालात मुद्दाम जिवाणू आणि बुरशी सोडतात आणि २८ दिवस त्यांची संख्या किती घटते ते मोजतात. म्हणजे बोटाबरोबर, ब्रशबरोबर जाणारे थोडेफार जंतू मारण्याची सोय बाटलीतच असते. पण ती सोय मोजूनमापून केलेली असते. रोज नवे जंतू आत जात राहिले आणि महिने उलटत गेले, की ती अपुरी पडू लागते. वाळलेल्या मस्काऱ्यात पाण्याचे चार थेंब घातले तर परिरक्षक तितकंच पातळ होतं आणि कारखान्यातल्या परीक्षेला काही अर्थ उरत नाही. गुलाबपाणी घाला नाहीतर थुंकी लावा, परिणाम तोच. थुंकीबरोबर तर तोंडातले जंतूही आत जातात.

आता गेल्या डिसेंबरात उघडलेली एक पेटी समोर घेऊ. आज वर्ष होत आलं. पेटीत मस्कारा, लिक्विड आयलायनर, फाउंडेशन, दोन लिपस्टिक, कॉम्पॅक्ट, पेन्सिलचं काजळ, एक स्पंज आणि चार ब्रश आहेत.

मस्कारा आणि लिक्विड लायनर न बघता टाकायचे. डोळ्यांचे डॉक्टर यांना तीन महिन्यांची मुदत देतात. कारण सरळ आहे. मस्काऱ्याची कांडी पापण्यांवरून फिरते आणि तिथले जंतू घेऊन अंधाऱ्या, ओलसर नळीत परत जाते. कांडी आत-बाहेर पंपासारखी चालवायची सवय असेल तर हवाही आत जाते आणि मस्कारा लवकर सुकतो. सुकलेला मस्कारा पापण्यांवर गुठळ्या धरतो, त्याचे कण डोळ्यांत पडतात. हे सगळं डोळे चुरचुरण्यापुरतं राहिलं तर नशीब. अमेरिकेतल्या विल्सन आणि एहर्न या संशोधकांनी १९७७ साली दूषित मस्काऱ्यामुळे बुबुळाला जखम झालेले रुग्ण नोंदवले होते. त्यामागे स्यूडोमोनास हा जिवाणू होता. कांडीचा ओरखडा बुबुळावर उठला की या जिवाणूला आत शिरायला वाट मिळते, आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर नजर जाऊ शकते.

फाउंडेशनची बाटली उजेडात धरून बघा. वर तेलाचा थर आणि खाली रंगाचा गाळ दिसला, हलवूनही दोन्ही नीट मिसळले नाहीत, तर पाणी आणि तेल यांची बांधलेली मोट सुटली आहे. असं फाउंडेशन चेहऱ्यावर सारखं पसरत नाही. कुठे पट्टे उठतात, कुठे थापल्यासारखं दिसतं. तेलकट भागाला हवा लागून रंग घेताना होता त्यापेक्षा गडद, नारिंगीकडे झुकलेला झालेला असतो. मग तो झाकायला आपण वर आणखी पावडर लावतो आणि चेहरा अजूनच निस्तेज दिसतो. बाटलीतून थेंब पाडून घेतलं असेल तर फाउंडेशन वर्षभर टिकू शकतं; रुंद तोंडाच्या बरणीत बोट घालून घेतलं असेल तर सहा महिन्यांनंतर भरवसा ठेवू नये. त्यावर एसपीएफ लिहिलेलं असेल, तर मुदत उलटल्यावर त्या आकड्यावरही विसंबू नये.

लिपस्टिकमध्ये मेण आणि तेल असतं, पाणी जवळजवळ नसतंच. म्हणून ती साधारण वर्ष-दोन वर्षं चालते. तिची परीक्षा नाकानं करायची. खवट शेंगदाण्यासारखा वास आला की तेल बिघडलं. उन्हाळ्यात वर नुसते घामासारखे थेंब आले असतील आणि वास चांगला असेल, तर ती उष्णतेनं सुटलेली तेलं आहेत; पुसून लिपस्टिक वापरता येते.

कॉम्पॅक्ट कोरडा, म्हणून सर्वांत टिकाऊ, दोनेक वर्षांचा. पण पफ न धुता तोच फिरवत राहिलं, तर चेहऱ्यावरचं तेल वडीवर बसतं आणि मधोमध एक चकचकीत, कडक पापुद्रा तयार होतो. मग पफला पावडर येतच नाही. चिकटपट्टी हलकेच लावून काढली की हा पापुद्रा निघतो आणि खालची पावडर पुन्हा मोकळी होते. मात्र ओल्या स्पंजानं कॉम्पॅक्ट घेत असाल, तर ज्या कोरडेपणावर तो टिकून होता तोच गेला. काजळाची पेन्सिल मात्र समंजस वस्तू आहे. टोक काढलं की जुना थर निघून जातो. शार्पनर तेवढा स्वच्छ हवा.

राहिले स्पंज आणि ब्रश. बिघाडाची सुरुवात बहुतेक वेळा इथूनच होते. ब्रिटनमधल्या अॅस्टन विद्यापीठानं वापरात असलेली ४६७ प्रसाधनं आणि स्पंज तपासले. बहुतेकांत जिवाणू सापडले. स्पंजांची गोष्ट तर अशी, की त्यातले ९३ टक्के एकदाही धुतलेले नव्हते आणि ६४ टक्के कधी ना कधी जमिनीवर पडलेले होते. स्पंज आतपर्यंत फाउंडेशन पितो, ओलाच पाऊचमध्ये जातो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चेहऱ्यावर फिरतो. हनुवटीवर, गालांवर बारीक पुटकुळ्या सतत उठत असतील तर क्रीम बदलण्याआधी स्पंज बदलून बघा.

अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला दर सात ते दहा दिवसांनी ब्रश धुण्याचा आहे. वाटीभर कोमट पाण्यात चमचाभर सौम्य शाम्पू घाला. ब्रशचं फक्त टोक नळाखाली भिजवून त्या पाण्यात गोल फिरवा, पाणी गढूळ झालं की बदला. धातूच्या कडीपर्यंत पाणी जाऊ देऊ नका, आतला गोंद सुटतो आणि केस गळू लागतात. मग निथळून, टोकाला बोटांनी आकार देऊन, केस टेबलाच्या कडेबाहेर राहतील असा ब्रश आडवा ठेवा. पेल्यात उभा ठेवला तर पाणी पुन्हा मुठीकडे उतरतं. पावसाळ्यात पंख्याखाली पूर्ण वाळल्याशिवाय पाऊच बंद करू नका. स्पंज मात्र धुऊनही तीनेक महिन्यांत बदलावाच.

दुसऱ्याचं सामान वापरण्याबद्दल आपल्याकडे जुना, कटू अनुभव आहे. घरातल्या सगळ्या पोरांना एकाच बोटानं काजळ घातलं जाई, आणि खुपऱ्या एका डोळ्यातून दुसऱ्या डोळ्यात जाण्याची ती एक ठरलेली वाट होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतात सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून खुपऱ्यांचं उच्चाटन झाल्याचं जाहीर केलं. आजार आटोक्यात आला, पण वाट तशीच राहिली. डोळे येण्याची साथ त्याच काजळातून, लायनरमधून पसरू शकते. लिपस्टिकमधून ओठाच्या कडेला येणारे पाण्याचे बारीक फोड मिळू शकतात. ते देणारा हर्पिसचा विषाणू एकदा शरीरात शिरला की कायमचा राहतो.

लग्नघरात तर नवरी, करवली, आई आणि मावशी एकामागून एक त्याच खुर्चीत बसतात. तिथे मेकअप करणाऱ्या ताईंना आधीच सांगून ठेवायला संकोचू नका. लिपस्टिक आणि फाउंडेशन चपट्या पट्टीनं स्टीलच्या प्लेटवर काढून घ्यावं, मस्काऱ्याला प्रत्येकीसाठी वेगळी, वापरून टाकायची कांडी असावी, पेन्सिलचं टोक समोर काढावं, ब्रश बदलावेत. दोन चेहऱ्यांच्या मध्ये ब्रशवर नुसतं अल्कोहोल फवारलं तर जंतू कमी होतात, पण तेलाचा थर तसाच राहतो. म्हणून आधी पुसणं, मग फवारणं, मग वाळू देणं.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वास, रंग आणि पोत चांगले असले म्हणजे माल निर्जंतुक आहे असं नाही. उलट, अनेक वर्षं चाललेलं क्रीम अचानक खाज आणू लागतं, त्यामागेही वयच असू शकतं. सुगंधासाठी वापरलेली लिमोनिन, लिनालूल यांसारखी द्रव्यं हवेशी संयोग पावून अधिक अॅलर्जी देणारी बनतात. लावताक्षणी आग झाली तर बहुधा ती नुसती त्वचेची चिडचिड असते. दिवस-दोन दिवसांनी पापण्या सुजून खाजू लागल्या तर अॅलर्जीची शंका घ्यावी, ती वस्तू वेष्टनासह बाजूला ठेवावी आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावी. डोळे येऊन गेले असतील तर त्या वेळी वापरलेलं डोळ्यांचं सगळं सामान टाकावं, मग ते कालच का घेतलेलं असेना.

बाकी उपाय दोन रुपयांचा आहे. नवी वस्तू उघडली की तिच्या बुडाशी छोटी पट्टी चिकटवून तारीख लिहा. आणि पुढच्या वेळी घेताना मस्काऱ्याची मोठी नळी घेऊ नका. तीन महिन्यांत संपेल अशी लहान घ्या.