सल्ला कुणाकडे मागायचा

दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात होता, तेव्हाची गोष्ट. ज्याँ-पॉल सार्त्र त्या काळात पॅरिसमध्ये शिक्षक होता. त्याचा एक विद्यार्थी एक दिवस त्याच्याकडे आला. घरची परिस्थिती बिकट होती. वडील जर्मनांशी जुळवून घेण्याकडे झुकलेले आणि त्यावरून आईशी बिनसलेलं. थोरला भाऊ १९४० च्या जर्मन चढाईत मारला गेलेला. आई आणि हा मुलगा, दोघंच राहत होते. आईच्या जगण्याला आता तेवढा एकच आधार उरला होता.

मुलाच्या डोक्यात भावाचा सूड घोळत होता. इंग्लंडला जावं, तिथे द गॉलच्या फ्री फ्रेंच फौजेत भरती व्हावं. पण आपण गेलो, आणि कदाचित मेलो, तर आई उरणार नाही, हेही त्याला दिसत होतं. शिवाय दोन्ही गोष्टी एका मापाच्या नव्हत्या. आईसाठी जे करायचं ते समोर दिसणारं होतं. तिच्याजवळ बसलं की ती चार घास जास्त खाणार, एवढं नक्की. देशासाठी जे करायचं त्याचा मात्र काहीच भरवसा नव्हता. स्पेनमार्गे जायचं म्हणजे तिथल्या एखाद्या छावणीत महिनोन्‌महिने अडकून पडायची शक्यता. लंडनला पोचलाच, तरी कचेरीत बसवून फॉर्म भरायला लावतील. एकीकडे एकाच माणसाचं पण खात्रीचं भलं, दुसरीकडे लाखोंचं पण वाळूत मुरून जाईल असं.

सार्त्रने ही हकीकत २९ ऑक्टोबर १९४५ रोजी पॅरिसमधल्या एका जाहीर भाषणात सांगितली. अस्तित्ववाद म्हणजे निराशेचं तत्त्वज्ञान, असा त्या वेळी बोलबाला होता. त्याला उत्तर द्यायला हे भाषण होतं आणि पुढच्या वर्षी ते पुस्तकरूपाने छापून आलं. ‘नियम सांगत नाही, वडीलधारे सांगत नाहीत, तेव्हा माणसाने काय करायचं’ या प्रश्नाचं याहून चांगलं उदाहरण माझ्या वाचनात नाही.

सार्त्र आधी नियमांची पोतडी उघडतो. ख्रिस्ती शिकवण म्हणते, शेजाऱ्यावर प्रेम कर, सोप्या वाटेऐवजी कठीण वाट धर. ठीक. पण शेजारी कोण, आई की सीमेवर लढणारा सैनिक? आणि यातली कठीण वाट नेमकी कुठली? कांटचा नियम म्हणतो, कुठल्याही माणसाला निव्वळ साधन समजू नकोस. आईजवळ राहिलं तर ती साध्य ठरते, पण आपल्या वतीने लढणारे साधन होतात. लढायला गेलं तर आईच साधन होते. नियम खोटे नाहीत. ते फक्त या गल्लीपर्यंत पोचत नाहीत. इतक्या उंचावरून बोलतात की दोन्ही बाजूंचे वकील तेच कलम दाखवून आपापला दावा मांडू शकतात.

मग मुलगा म्हणाला, शेवटी भावनेवर सोडावं. आईवरची माया जास्त वाटली तर राहीन, कमी पडली तर जाईन. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. आपणही ‘मनाला विचार’ असंच सांगतो. सार्त्र इथे थांबवतो. माया किती आहे हे कशाने मोजणार? आईसाठी मी राहू शकेन एवढी माया आहे, असं म्हणायचा हक्क राहून दाखवल्यावरच मिळतो. म्हणजे कृती ठरवायला माया हवी, आणि माया ठरवायला आधी कृती हवी. शिवाय खरंच उमाळा आलाय की उमाळ्याचं सोंग चाललंय, हे आतून तरी कुठे स्वच्छ कळतं?

राहिला सल्ला. मुलगा सार्त्रकडे आलाच होता की. पण सार्त्रचं म्हणणं असं, की सल्लागार निवडला तिथेच निम्मा निर्णय झालेला असतो. धर्मगुरूकडे जावं, तर काही पाद्री जर्मनांना सामील होते, काही प्रतिकाराच्या बाजूचे होते, काही वाट बघत बसलेले. कुणाच्या दारात उभं राहायचं हे ठरवताना मुलाला उत्तराचा साधारण अंदाज असणारच. आणि सार्त्रकडे येताना, हा काय सांगणार हेही त्याला ठाऊक होतं. सार्त्रचं उत्तर एवढंच होतं, की तू मोकळा आहेस, तेव्हा निवड.

माझा भाचा मध्यंतरी असाच माझ्याकडे आला होता. परदेशातली नोकरी हातात, घरी आजारी वडील. तो त्याच्या काकांकडे गेला नव्हता. ते गावातच राहिले, आजी-आजोबांचं शेवटपर्यंत केलं. तो आला माझ्याकडे, म्हणजे विसाव्या वर्षी गाव सोडून गेलेल्या मामाकडे. “मामा, तुम्हाला काय वाटतं?” असं त्याने विचारलं, पण माझं उत्तर तो घरूनच घेऊन आला होता. महाभारतात अर्जुनाला कृष्णाने रणांगणावर सांगितलं हे आपण लक्षात ठेवतो. त्याआधी द्वारकेत एकीकडे नारायणी सेना आणि दुसरीकडे निःशस्त्र कृष्ण असा सवाल आला होता, आणि सारथी अर्जुनानेच निवडला होता, हे विसरतो.

आता मुलाने काहीही केलं तरी चालेल, असा याचा अर्थ होतो का? अस्तित्ववादावरचा हा सगळ्यात जुना आक्षेप. त्याचं उत्तर ‘आत्मवंचना’ या कल्पनेत आहे. सार्त्रने ती १९४३ च्या ‘बीइंग अँड नथिंगनेस’ या जाडजूड ग्रंथात मांडली. थापा मारणाऱ्याला खरं काय ते माहीत असतं, तो दुसऱ्याला फसवतो. आत्मवंचनेत फसवणारा आणि फसणारा एकच. आपण मोकळे आहोत हे माणूस स्वतःपासूनच दडवतो, आणि त्याची तऱ्हा दुहेरी असते.

पहिली तऱ्हा सार्त्रने कॅफेतल्या वेटरच्या रूपात दाखवली. त्याची चाल गरजेपेक्षा किंचित जास्त झपझप, वाकणं किंचित जास्त अदबीचं, ट्रे डोंबाऱ्याच्या तोलाने धरलेला. तो वेटरचं काम करत नाही, वेटर असण्याचा खेळ खेळतो. काम करण्यात काही वावगं नाही. पण दौत जशी दौत असते तसा मी वेटर आहे, दुसरं काही असूच शकत नाही, असं त्याने स्वतःला पटवलं की वंचना सुरू झाली. आपल्याकडे ती ओळखायची असेल तर तिची वाक्यं ऐकावीत. ‘माझा स्वभावच तापट.’ ‘आमच्या घराण्यात हे चालत नाही.’ ‘साहेब, मी काय करणार, वरून ऑर्डर आहे.’ प्रत्येक वाक्यात बोलणारा स्वतःला वस्तू करून टाकतो.

दुसरी तऱ्हा उलटी. एक बाई पहिल्यांदाच एका पुरुषाबरोबर बाहेर आली आहे. तो बोलता बोलता तिचा हात हातात घेतो. हात राहू दिला तर होकार, काढून घेतला तर नकार. ती दोन्ही करत नाही. जीवन वगैरे उंच विषयांवर बोलत राहते आणि हात तिथे आहे हे जणू तिच्या गावीच नाही. तिथे माणूस आपल्याबाबतीतली उघड वस्तुस्थितीच नाकारतो, मी म्हणजे नुसता विचार, नुसती शक्यता, असं म्हणतो. (या प्रसंगात सार्त्र त्या पुरुषाला फारच स्वस्तात सोडतो, असं मला वाटतं. हात त्याने धरला होता.)

आता हे मोजमाप त्या विद्यार्थ्याला लावून पाहू. समजा तो आईजवळ राहिला, आणि पुढे आयुष्यभर म्हणत राहिला, ‘मला जायचं होतं हो, आईने जाऊ दिलं नाही.’ ही आत्मवंचना. राहणं त्याने निवडलं आणि बिल आईच्या नावावर फाडलं. समजा तो गेला आणि म्हणाला, ‘देशाने हाक दिली, मग इलाज नव्हता.’ तीही तीच. देश कुणाला हाक मारत नाही. ती हाक आपल्यासाठी आहे असं ऐकणारा ठरवतो. समजा तो नुसता वाट बघत राहिला, पुढच्या महिन्यात बघू म्हणत, आणि तेवढ्यात युद्ध संपलं. त्यानेही निवड केलीच, राहण्याची. फक्त तिच्यावर सही केली नाही. आणखी एक बारीक प्रकार आहे. तो लंडनला जातो, खरंच कचेरीत फॉर्म भरतो, आणि म्हणतो, ‘मी मनाने मात्र लढवय्या.’ केलेलं सगळं बाजूला ठेवून न केलेल्या शौर्यावर ओळख सांगणं, हा त्या हाताचाच प्रसंग.

म्हणजे राहिला की गेला यावरून निवड अस्सल ठरत नाही. ‘आईला एकटं टाकलं, हे मी केलं’ किंवा ‘भावाचा सूड सोडून दिला, हे मी केलं’ असं वाक्य तो तोंडाने म्हणू शकतो का, कर्ता न बदलता, यावर ते ठरतं. जे गमावलं त्याची किंमतही त्या वाक्यात राहिली पाहिजे. सार्त्र चित्रकाराचं उदाहरण देतो. कुठलं चित्र काढायला हवं होतं असं आधीपासून ठरलेलं नसतं, पण म्हणून काढलेल्या चित्राबद्दल चांगलं-वाईट बोलताच येत नाही असं नाही.

या मांडणीला भोक पाडलं ते कॅनडाचा तत्त्वज्ञ चार्ल्स टेलर याने. त्याचा मुद्दा साधा आहे. मुलाची तगमग झाली, कारण आईचा हक्क आणि देशाचा हक्क दोन्ही त्याला आधीच खरे वाटत होते. ते हक्क त्याने निवडून निर्माण केले नव्हते. आईजवळ बसू की मित्रांकडे पत्ते कुटायला जाऊ, यावर कुणाची झोप उडत नाही. मूल्यं आपणच निवडीतून घडवतो असं असतं, तर एक बाजू मोडीत काढून तो मोकळा झाला असता. मला हा आक्षेप बिनतोड वाटतो. पण त्याने सार्त्रचं अर्धंच म्हणणं पडतं. हक्क आपण घडवत नसू, तरी दोन खऱ्या हक्कांमध्ये तराजू धरणारं तिसरं कुणी नाही, हे उरतंच.

सार्त्र स्वतःही पुढे बदलला. कुठल्याही परिस्थितीत देशद्रोही व्हायचं की नाही हे निवडायला माणूस मोकळा असतो, असं त्याने एकेकाळी लिहिलं होतं. १९६९ साली छापून आलेल्या एका मुलाखतीत तो म्हणाला, की ते पुन्हा वाचताना आपण हादरलोच. घडणीचा, वर्गाचा, बालपणाचा भार त्याला तोवर जास्त दिसू लागला होता. सिमोन द बोव्हारने हे आधीच ओळखलं होतं. १९४७ च्या ‘द एथिक्स ऑफ अँबिग्युइटी’मध्ये तिने लिहिलं, की काही माणसांचं जगच असं बंद केलेलं असतं की दार आहे हे त्यांना कळूच शकत नाही. अशा माणसाला आत्मवंचक म्हणता येत नाही. दार दिसूनही जो पाठ फिरवून बसतो, तो आत्मवंचक.

त्या भाषणातली एक गोष्ट मला खटकत आली आहे. नवऱ्याशी बिनसलेली, एक मुलगा गमावलेली ती बाई पूर्ण हकिकतीत एकदाही बोलत नाही. मुलाने तिला विचारलं का, शिक्षकाने ‘आईशी बोललास का’ असं विचारलं का, याचा उल्लेख नाही. ती नुसती तराजूच्या एका पारड्यात आहे. कदाचित ती ‘जा’ म्हणाली असती. मग मुलाचं काम सोपं झालं नसतं, कारण ‘आईच जा म्हणाली’ हे वाक्यही त्याच खात्यात जमा झालं असतं. पण तिला निदान स्वतःची निवड मिळाली असती.

मुलाने शेवटी काय केलं, तेही भाषणात नाही. सार्त्र पुढच्या मुद्द्याकडे वळतो.