फंडिंगची कमाई : भाव तटस्थ, कर तटस्थ नाही

करमाळ्यातले काही मित्र विचारतात, "स्पॉटमध्ये बिटकॉइन घ्यायचं, तेवढ्याच रकमेचं पर्पेच्युअल शॉर्ट करायचं. मग धोका कुठे?"

समजा, दोन्हीकडे 1 लाख रुपये. भाव कुठेही गेला तरी एका बाजूचा तोटा दुसरी भरून काढते. फंडिंग रेट धन असेल, तर लाँगवाले शॉर्टवाल्यांना पैसे देतात. दर आठ तासांना 0.01 टक्के धरला, तर दिवसाला 30 रुपये, वर्षाला 10,950. दर ऋण झाला की आपणच देणं लागतो.

आता भाव 40 टक्के चढला. स्पॉटमध्ये 40,000 नफा, पण तो न विकलेल्या नाण्यात. शॉर्टमधला 40,000 तोटा मात्र रोख मार्जिनमधून जातो. मार्जिन 30,000च असेल, तर शॉर्ट आधीच लिक्विडेट होतो. मग उरतं उघडं स्पॉट, आणि भाव परतला की तोटा.

मार्जिन पुरलं तरी नाणं विकताना कर आहेच. एप्रिल 2022 पासून स्पॉटच्या नफ्यावर 30 टक्के कर लागतो. खरेदी किंमत सोडून काहीच वजा होत नाही, शॉर्टचा तोटाही नाही. 40,000 वर सेससह 12,480 रुपये. वर्षभराचं फंडिंग त्यातच संपलं!

म्हणून आधी दोन आकडे काढा: लिक्विडेशनचा भाव आणि भाव चढल्यावरचा कर.