चोरीचा चेक आणि चोराची बँक

समजा, पुण्यातल्या एका गृहनिर्माण संस्थेने इमारतीच्या रंगकामाचे १,८५,००० रुपये द्यायला चेक लिहिला. कंत्राटदाराच्या फर्मला आपण ‘अबक पेंटर्स’ म्हणू. खजिनदारांनी डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा मारल्या, मध्ये ‘अकाउंट पेयी’ लिहिले, ‘किंवा धारकास’ हे छापील शब्द खोडले आणि चेक पोस्टाने रवाना केला. दोन आठवड्यांनी कंत्राटदाराचा फोन आला, “चेक कधी पाठवताय?” पासबुकात पाहावे तर चेक केव्हाच वटलेला.

अशा वेळी खजिनदार तडक आपल्या बँकेत जातात आणि मॅनेजरवर आवाज चढवतात. राग समजण्यासारखा आहे, पण बहुतेक वेळा तो चुकीच्या काउंटरवर निघतो. ज्या बँकेने तो चेक भलत्याच्या खात्यात जमा करून घेतला, तिला जाब विचारायला हवा.

आधी रेघांकडे पाहू. आपल्याकडचा १८८१ चा परक्राम्य संलेख कायदा म्हणतो की क्रॉस केलेल्या चेकचे पैसे बँकेने फक्त दुसऱ्या बँकेलाच द्यायचे, काउंटरवर रोख द्यायचे नाहीत. दिले, तर खऱ्या मालकाचे नुकसान तिने भरून द्यायचे. रेघांचे काम एवढ्यावर संपते. पैसे कुणाच्या तरी खात्यातून जाणार, म्हणजे माग राहणार. ते खाते कुणाचे असावे, याबद्दल नुसत्या रेघा काहीच बोलत नाहीत. ते सांगतात ‘अकाउंट पेयी’ हे शब्द, आणि गंमत म्हणजे त्या जुन्या कायद्यात हे शब्दच नाहीत. ते बँकांच्या रिवाजातून आले. आयपीओच्या परताव्याचे पैसे अर्जदारांऐवजी दलालांच्या खात्यांत गेल्याचे उघड झाल्यावर रिझर्व्ह बँकेने जानेवारी २००६ मध्ये बँकांना स्पष्ट मनाई केली : असा चेक ज्याच्या नावाचा, त्याच्याखेरीज दुसऱ्या कुणाच्याही खात्यात जमा करायचा नाही.

हा हुकूम पाळणे कुणाच्या हातात आहे? हल्ली चेक प्रत्यक्ष फिरत नाही. ज्या बँकेत तो भरला तिथेच कागद राहतो आणि क्लिअरिंगमध्ये त्याची प्रतिमा पुढे जाते. संस्थेच्या बँकेला पडद्यावर सही, रक्कम, तारीख आणि ‘अबक पेंटर्स’ हे नाव दिसते, आणि सगळे बरोबर असते. पैसे पलीकडे नक्की कोणत्या खात्यात पडणार, हे तिला दिसतच नाही. पन्नास हजारांवरच्या चेकची माहिती आधी कळवायची ‘पॉझिटिव्ह पे’ची सोय इथे कामाची नाही. चेकवरचा मजकूर कुणी बदललेलाच नाही, मग तफावत सापडणार कुठून? नाव आणि खाते यांची गाठ घालून पाहू शकते ती फक्त वसुली करणारी बँक, म्हणजे चोराची बँक.

तिथे काय घडले असेल? एक शक्यता अगदी साधी. चोराने भरणा स्लिपवर नाव ‘अबक पेंटर्स’ लिहिले आणि खाते क्रमांक स्वतःचा टाकला. पलीकडच्याने क्रमांक तेवढा टाइप केला, पडद्यावर भलत्याच माणसाचे नाव उमटले ते पाहिले नाही, आणि चेकच्या पाठीवर ‘पेयीज अकाउंट क्रेडिटेड’ असा शिक्का मारला. म्हणजे ज्याचे पैसे त्यालाच पोचले, अशी बँकेने आपल्या हाताने दिलेली ग्वाही. या प्रकारात बँकेला बचाव जवळजवळ उरत नाही.

दुसरी शक्यता अवघड आहे. चोराने ‘अबक पेंटर्स’ याच नावाचे चालू खाते उघडले असेल, तर नाव जुळते. इथे कायद्याचे कलम १३१ पुढे येते. चेकवर ज्याचा हक्कच नाही अशा ग्राहकासाठी बँकेने पैसे वसूल केले, तर एरवी ती खऱ्या मालकाला देणे लागते. पण क्रॉस केलेला चेक तिने सद्भावनेने आणि निष्काळजीपणा न करता वसूल केला असेल, तर तिला संरक्षण मिळते. सद्भावना सहसा असतेच, भांडण होते ते काळजीवरून. आणि आपण काळजी घेतली हे दाखवण्याचा भार बँकेवर असतो. केरळमधल्या एका सहकारी महासंघाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये हे सगळे एकत्र मांडून ठेवले आहे.

काळजी किती घ्यायची, याचे माप मात्र काळाप्रमाणे बदलते. लंडनमध्ये एका कंपनीच्या कार्यालयीन व्यवस्थापकाने तीन हजार पौंडांचा चेक लांबवला, चेकवरच्या माणसाचेच नाव धारण करून खाते उघडले आणि पैसे काढून देश सोडला. एका हॉटेलवाल्याने त्याची ओळख दिली होती, पण त्यालाही तो त्याच खोट्या नावाने भेटलेला. १९६८ मध्ये छापून आलेल्या त्या निकालात मिडलंड बँक सुटली, कारण तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे ओळख घेणे पुरेसे होते. आज भारतात तेवढ्यावर भागणार नाही. आपल्या चोराने बनावट गुमास्ता परवाना दिला आणि बँकेने तो पडताळलाच नाही, खात्यातली पहिली मोठी जमा हाच चेक, आणि दोन दिवसांत सगळी रक्कम एटीएममधून आणि ऑनलाइन बाहेर : एवढे दिसले तर कलम १३१ ची ढाल टिकणे कठीण. उलट बँकेने कागद पडताळले, दुकान पाहून आली आणि तरीही फसली, तर ती सुटू शकते. मग उरतो तो फक्त चोर.

महाराष्ट्रात एक अपवाद माहीत असायला हवा. पतसंस्थेच्या सभासदाच्या नावाचा अकाउंट पेयी चेक बँक त्या पतसंस्थेच्या खात्यात वसूल करू शकते, पण पन्नास हजारांपर्यंतचाच, आणि रक्कम त्या सभासदाच्याच खात्यात जमा होईल असे पतसंस्थेने लेखी दिल्यावर. म्हणून चेकवर एक नाव आणि खाते पतसंस्थेचे, एवढ्यावरून लगेच बोंब मारू नये.

आता दावा लावायचा कुणी, संस्थेने की कंत्राटदाराने? चेकचा खरा मालक कोण, यावर ते ठरते. इथे प्रभाकर कंदिलांचे ओगले आठवावे लागतात. ओगले ग्लास वर्क्सने सरकारला पैसे चेकने पाठवा असे लिहून कळवले होते आणि दिल्लीहून चेक टपालाने आले. खटला होता प्राप्तिकराचा, पण त्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये ठरवले की घेणाऱ्याने सांगून टपालाने मागवला, तर पोस्ट हे घेणाऱ्याचे प्रतिनिधी. चेक पोस्टात पडला की त्याला पोचला. न सांगता पाठवला, तर पोस्ट पाठवणाऱ्याचे.

म्हणजे ‘चेक पोस्टाने पाठवा’ असे कंत्राटदाराने कळवले असेल, तर चेक त्याचा झाला, आणि त्या बँकेशी झगडणेही त्याच्याच वाट्याला येण्याची शक्यता मोठी. संस्थेने आपल्या मनाने पाठवला असेल, तर रंगाचे पैसे अजून देणे आहेत आणि दावा संस्थेचा. त्यामुळे त्याचा तो ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप पुसू नका. मग आपल्या बँकेकडून चेकच्या दोन्ही बाजूंच्या प्रतिमेची प्रत लेखी अर्जाने मागा. कोणत्या बँकेने, कोणत्या शाखेने तो वसूल केला हे तिथून कळते. पोलिसांत तक्रार द्या, आणि त्याच दिवशी त्या शाखेला पत्र द्या, कारण खात्यात काही शिल्लक राहिली असेल तर ती गोठवायला हेच दोन-चार तास हाताशी असतात.