आधी गारठा, मग कढई

मे महिना. संध्याकाळचे सात वाजलेत, तरी अंबाजोगाईचं डांबर अजून तापलेलंच आहे. योगेश्वरीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका गाडीपुढे मेडिकलची पोरं दाटीनं उभी आहेत. पाटीवर खडूनं लिहिलंय : चीज स्टिक.

"काकू, दोन प्लेट."

"थांबा की जरा. तेल तापू द्या."

काकू ब्रेडच्या चुऱ्याची चिमूट कढईत टाकतात. चुरा तळाशी जातो, रेंगाळत वर येतो. नाही, अजून नाही. पोरं घाम पुसतात.

मी गाडीला वळसा घालून मागे जातो. तिथं सून उद्याचा माल करतेय. मोझरेलाच्या बोटभर कांड्या आधी कोरड्या मैद्यात, मग मैदा-कॉर्नफ्लोअरच्या घोळात, मग चुऱ्यात. पुन्हा घोळ, पुन्हा चुरा. टोकांशी तिचा हात थांबतो. तिथं ती चुरा अंगठ्यानं दाबून बसवते, कारण चीज बहुतेकदा टोकातूनच वाट काढतं. भरलेला ट्रे डीप फ्रीजमध्ये जातो, उणे 18 अंशांत. दोन तास तरी हवेतच. ती रात्रभर ठेवते.

पुढून चर्र आवाज येतो. आता चुरा पडताक्षणी फसफसून वर आलाय. तेल 180 अंशांच्या आसपास असणार. चीज मात्र साठेक अंशांतच पातळ व्हायला लागतं. म्हणून हा गारठा. आतला गोठलेला गाभा सैल होईतो बाहेरचं कवच कडक व्हायला हवं. तेल कोमट असलं तर कवच धरायच्या आतच चीज वाहतं.

काकू चारच कांड्या सोडतात. "अजून टाका की," मागून कुणीतरी म्हणतं. त्या मान हलवतात. बर्फासारख्या आठ-दहा कांड्या एकदम पडल्या की तेलच गार होतं.

मिनिट होतं न होतं, एका कांडीच्या टोकाशी बारीक बुडबुड्यांची धार लागते. चीजमधल्या पाण्याची वाफ झालीय, तिला भेग सापडलीय. काकू झाऱ्यानं तीच कांडी आधी उचलतात. क्षणभर उशीर झाला असता, तर चीज तेलात उतरून तडतडलं असतं. उरलेल्या तिघी सोनेरी होऊन निघतात. तळाचा जळका चुरा गाळून काढल्याशिवाय पुढचा घाणा नाही.

तेवढ्यात लाईट जाते. रांगेत "अरे यार" होतं. गॅस चालू आहे, कढई तापलेली आहे, पण काकू फ्रीजचं झाकण उघडू देत नाहीत. बाहेर काढून ठेवलेल्या ट्रेवर दव धरलंय, चुरा ओला दिसतोय. सून बोटानं एक कांडी दाबून बघते. बोट रुततं.

"ह्या आज तळायच्या नाहीत," काकू म्हणतात. "भजी देऊ का?"

पोरं भजी घेतात.