उणे गुणिले उणे अधिक का? पॅटर्न, संख्यारेषा आणि भास्कराचार्यांची वानरं

करी रोडला आमच्या चाळीत शेजारचा सातवीतला मुलगा अधूनमधून गणितं घेऊन येतो. परवा त्याने विचारलं, "ताई, मायनस इनटू मायनस प्लस का होतं?" मी घाईत होते. म्हटलं, "शत्रूचा शत्रू मित्र, तसंच." तो वहीकडे वळला आणि दोन मिनिटांनी परत आला. वहीत लिहिलं होतं: −२ − ३ = +५. "दोन मायनस आहेत ना, मग प्लस."

चूक त्याची नव्हती, माझी होती. शत्रू-मित्राच्या वाक्यात गुणाकाराचं नावसुद्धा नाही, त्यामुळे ते बेरजेला लावायला त्याला कोणी अडवलं नाही. लक्षात राहणं आणि कारण असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून हा लेख. तुम्ही एमएस्सीला असा किंवा पेट-नेटची तयारी करत असा, एकदा स्वतःला विचारून बघा: (−३) × (−२) = +६ हे तुम्ही नेमकं कशाच्या जोरावर म्हणता?

पहिली पायरी: पॅटर्न

पेन घ्या आणि −३ चा पाढा खाली खाली लिहीत जा.

(−३) × ३ = −९
(−३) × २ = −६
(−३) × १ = −३
(−३) × ० = ०

इथपर्यंत वाद नाही. −३ तीनदा मिळवले की −९ होतात. ही साधी पुन्हा पुन्हा केलेली बेरीज आहे. आता उजवीकडची उत्तरं बघा. गुणक एकाने कमी झाला की उत्तर ३ ने वाढतं: −९, −६, −३, ०. गुणक आणखी एकाने कमी केला, म्हणजे −१ केला, तर याच चालीने पुढे काय येईल?

(−३) × (−१) = ३
(−३) × (−२) = ६

छान दिसतं. वर्गात बहुतेक वेळा इथेच थांबतात. पण संशोधन करायचं असेल तर इथे एक प्रश्न अडला पाहिजे: चाल तशीच पुढे चालू राहील हे कोणी सांगितलं?

पॅटर्न फसवतात. वर्तुळाच्या परिघावर बिंदू घ्या आणि प्रत्येक दोन बिंदू रेषेने जोडा. एका आतल्या बिंदूतून दोनपेक्षा जास्त रेषा जाणार नाहीत याची काळजी घ्या. वर्तुळाचे किती तुकडे होतात? १ बिंदूला १, २ ला २, ३ ला ४, ४ ला ८, ५ ला १६. सहा बिंदूंना ३२ म्हणाल, पण मोजले तर ३१ भरतात. म्हणजे पाढ्याच्या पॅटर्नने आपल्याला उत्तराचा अंदाज दिला आहे, कारण अजून दिलेलं नाही.

दुसरी पायरी: संख्यारेषा

आपल्याकडे एक तयार संख्यारेषा आहे: मध्य रेल्वेची स्लो लाइन. करी रोडला ० माना. उत्तरेकडे अधिक: परळ १, दादर २, माटुंगा ३, सायन ४. दक्षिणेकडे उणे: चिंचपोकळी −१, भायखळा −२, सँडहर्स्ट रोड −३, मशीद −४, सीएसएमटी −५. दोन स्टेशनांमधलं अंतर खरं तर सगळीकडे सारखं नाही. आपण फक्त स्टेशनं मोजतोय.

आधी त्या मुलाचं गणित करून टाकू. −२ − ३ म्हणजे दक्षिणेला २ स्टेशनं, मग दक्षिणेलाच आणखी ३. तुम्ही सीएसएमटीला उतरता, −५ वर. दोनदा दक्षिणेला गेल्यावर कोणी उत्तरेला पोहोचत नाही. बेरजेत दोन उणे मिळून अधिक होत नाही, हे तो मुलगा बोट फिरवून लगेच समजला.

आता गुणाकार. समजा गाडी दर ५ मिनिटांना २ स्टेशनं जाते. वेग गुणिले वेळ म्हणजे जागा. उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीचा वेग +२, दक्षिणेकडे जाणारीचा −२. वेळ ५-५ मिनिटांच्या टप्प्यांत मोजू: "आता" म्हणजे ०, दोन टप्प्यांनंतर म्हणजे +२, दोन टप्प्यांपूर्वी म्हणजे −२. गाडी आत्ता करी रोडला उभी आहे.

उत्तरेकडे जाणारी गाडी १० मिनिटांनी कुठे असेल? सायनला: २ × २ = ४. हीच गाडी १० मिनिटांपूर्वी कुठे होती? मशीदला: २ × (−२) = −४. दक्षिणेकडे जाणारी गाडी १० मिनिटांनी कुठे असेल? मशीदला: (−२) × २ = −४.

आता शेवटचा प्रश्न. गाडी सीएसएमटीकडे चालली आहे आणि आत्ता करी रोडला आहे. १० मिनिटांपूर्वी कुठे होती? इथे कोणीही नियम आठवत नाही. सायनला होती, म्हणजे +४ वर. (−२) × (−२) = +४.

लक्षात घ्या, इथे दोन उणे चिन्हं दोन वेगळ्या गोष्टींची आहेत: एक दिशेचं, एक वेळेचं. म्हणून हे उदाहरण शत्रू-मित्रापेक्षा बरं. इथे काय कशाने गुणलंय ते स्पष्ट आहे, त्यामुळे ते चुकून बेरजेला लागत नाही.

पण यालाही मर्यादा आहे. गाडी करी रोडच्या आधीही त्याच वेगाने येत होती, हे आपण गृहीत धरलं. ती परळला दहा मिनिटं थांबून राहिली असती तर उत्तर चुकलं असतं. पाढ्यात आपण "चाल तीच राहते" म्हटलं आणि इथे "वेग तोच राहतो" म्हटलं. दोन्हीकडे एकच गोष्ट गृहीत आहे. ती उघड लिहिली की कारण सापडतं.

तिसरी पायरी: कारण

ती गोष्ट म्हणजे वितरण गुणधर्म: a × (b + c) = a × b + a × c. गुणक एकाने बदलला की उत्तर दर वेळी सारख्याच संख्येने बदलतं, ते या गुणधर्मामुळेच. धन संख्यांसाठी तो डोळ्यांनी दिसतो: ५ ओळींत ३ आणि ४ फरशा शेजारी लावल्या, तर ५ × ७ एकदम मोजा किंवा ५ × ३ आणि ५ × ४ वेगळे मोजून मिळवा, फरशा तेवढ्याच. ऋण संख्यांसाठी आपण एवढंच ठरवतो की हा गुणधर्म मोडू द्यायचा नाही. मग बघा काय होतं.

२ + (−२) = ०, आणि कशालाही शून्याने गुणलं की शून्य. म्हणून

(−३) × [२ + (−२)] = ०

डावी बाजू वितरण गुणधर्माने उघडा:

(−३) × २ + (−३) × (−२) = ०

पहिलं पद −६ आहे, हे साध्या बेरजेने माहीत आहे. म्हणजे −६ मध्ये काहीतरी मिळवून ० यायला हवं. अशी एकच संख्या आहे: +६. दुसरा पर्यायच नाही. कोणी हट्टाने (−३) × (−२) = −६ म्हणालाच, तर डावी बाजू −१२ होते आणि उजवी ० राहते. मग एक तर शून्य आणि −१२ सारखे मानावे लागतील, नाही तर वितरण गुणधर्म सोडावा लागेल.

३ आणि २ च्या जागी कोणत्याही संख्या घ्या, पायऱ्या त्याच राहतात. म्हणून ही सिद्धता आहे, उदाहरण नाही. निसर्गात कुठेतरी "उणे गुणिले उणे" पडलेलं होतं आणि आपण ते शोधलं, असं झालेलं नाही. जुने नियम टिकवायचे ठरवल्यावर नव्या संख्यांपुढे एकच वाट उरली.

भास्कराचार्यांची वानरं

हा नियम आपल्याकडे फार जुना आहे. ब्रह्मगुप्तांनी इ.स. ६२८ च्या 'ब्राह्मस्फुटसिद्धान्ता'त धन आणि ऋण राशींचे नियम दिले. दोन ऋणांचा गुणाकार धन, हा त्यातलाच. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'बीजगणिता'त तेच नियम वापरले. त्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटणे इथे आहे. तो अभ्यासकांसमोर आणला डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. त्यांच्या नावाचं संग्रहालय आपल्या संख्यारेषेवर −२ ला, भायखळ्याला आहे.

'बीजगणिता'त एक गणित आहे, त्याचा मतितार्थ असा: वानरांच्या कळपाचा पाचवा भाग घ्या, त्यातून ३ वजा करा, उरलेल्याचा वर्ग करा. तेवढी वानरं गुहेत गेली. एक फांदीवर दिसतंय. कळप केवढा?

कळप x मानला तर (x/५ − ३)² + १ = x. सोडवलं की x² − ५५x + २५० = ० येतं आणि दोन उत्तरं मिळतात: ५० आणि ५.

५० तपासा. पाचवा भाग १०, त्यातून ३ गेले ७, वर्ग ४९, आणि फांदीवरचं १. एकूण ५०. बरोबर.

आता ५ तपासा. पाचवा भाग १, त्यातून ३ गेले −२. (−२) × (−२) = ४, आणि १ मिळवून ५. हेही जुळतं! वर्ग −४ धरला असता तर −४ + १ = −३ आलं असतं आणि समीकरण मोडलं असतं.

भास्कराचार्यांनी ५ हे उत्तर घेतलं नाही. पाचवा भाग १ असताना त्यातून ३ वानरं कशी काढणार? प्रत्यक्ष मोजायच्या गोष्टीत ऋण संख्या लोकांना मान्य होत नाही, असं त्यांचं म्हणणं. समीकरण दोन्ही उत्तरं देतं हे त्यांना दिसत होतं. म्हणजे त्यांनी नियमावर शंका घेतली नाही. उत्तर या प्रश्नाला लागू पडतं का, एवढंच वेगळं विचारलं. "−२ वानरं" याला अर्थ नाही, पण म्हणून (−२)² चं उत्तर बदलत नाही.

त्या मुलाला मी हे सगळं सांगितलं नाही. त्याला पाढा आणि लोकल पुरली. जाताना त्याने मात्र विचारलं, "मग मायनस चार हा कशाचा वर्ग?" मी म्हटलं, वहीवर शोधून बघ. थोड्या वेळाने तो आला, "ताई, प्लस घेतला तरी प्लस येतो, मायनस घेतला तरी प्लसच. कशाचाच नाही." आपल्या संख्यारेषेवर त्याचं बरोबर आहे. भास्कराचार्यांनीही हेच लिहून ठेवलंय: ऋण संख्येला वर्गमूळ नाही, कारण ती वर्ग नसतेच.