दोन ओळी, दोन दिशा

‘खालील तक्त्याचे निरीक्षण करून प्रश्नांची उत्तरे लिहा.’ भूगोलाच्या पेपरात हे वाक्य आले की बरीच मुले तक्ता सोडून थेट प्रश्नाकडे वळतात. हातचे गुण जातात ते इथेच. भारताच्या जनगणनेतले हे आकडे पाहा.

| वर्ष | १९९१ | २००१ | २०११ |
|---|---|---|---|
| एकूण लिंग गुणोत्तर | ९२७ | ९३३ | ९४३ |
| ० ते ६ वयोगटाचे गुणोत्तर | ९४५ | ९२७ | ९१९ |

आधी आकडा कशाचा आहे ते पाहायचे. लिंग गुणोत्तर म्हणजे दर हजार पुरुषांमागे किती स्त्रिया. ९१९ चा अर्थ दर हजार मुलग्यांमागे ९१९ मुली, म्हणजे ८१ कमी. ‘देशात ९१९ मुली आहेत’ असे उत्तर लिहिणाऱ्याने तक्त्याचे शीर्षक वाचलेलेच नसते.

मग दोन्ही ओळी शेजारी ठेवायच्या. वरची चढते आहे, खालची उतरते आहे. फक्त पहिली ओळ वाचणारा ‘परिस्थिती सुधारली’ असे लिहून मोकळा होतो. पण शून्य ते सहा वयाची मुले एकूण लोकसंख्येच्या तेरा-चौदा टक्केच. मोठ्या वयाच्या स्त्रियांचे आयुर्मान वाढले की एकूण गुणोत्तर वर जाते आणि लहान मुलींची घट त्याआड झाकली जाते.

याच आकड्यांचा स्तंभालेख काढला तर आणखी एक चकवा लागतो. उभा अक्ष शून्याऐवजी ९०० पासून सुरू केला, तर ९१९ चा स्तंभ ९४५ च्या निम्म्याहूनही ठेंगणा दिसतो. प्रत्यक्षात घट २६ ची, म्हणजे तीन टक्क्यांहूनही कमी. घट गंभीरच आहे, पण ती मोजायची अक्षावरचे आकडे वाचून, स्तंभाच्या उंचीवरून नव्हे.

सर्वांत अवघड प्रश्न ‘कारण सांगा’ हा. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याचे लिंग गुणोत्तर ११२२ होते, तर मुंबई शहर जिल्ह्याचे ८३२. कोकणात मुली जास्त जन्मतात, असा तर्क कुणीही करील. तो पडताळायचा तर त्याच जिल्ह्याची ० ते ६ ची ओळ शोधावी लागते, आणि रत्नागिरीतही ती हजाराच्या खालीच आहे. मुली जास्त जन्मत असत्या तर ते आधी तिथे दिसले असते. खरे कारण चाकरमान्यांचे आहे. कर्ते पुरुष कामासाठी मुंबई गाठतात, त्यांची मोजणी तिकडे होते आणि गावचा आकडा फुगतो.

स्थलांतर हा शब्द मात्र त्या तक्त्यात कुठेच छापलेला नसतो. तो धड्यातून आणावा लागतो. म्हणून उत्तरात दोन वाक्ये वेगळी लिहावीत: एक तक्ता काय दाखवतो याचे आणि दुसरे त्यामागच्या कारणाचे.